सही कोणाची, हे ठरवण्याआधी कारणे वाचा : न्यायालयांना एका दस्तऐवज परीक्षकाचे खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय,
आणि महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांतील सर्व सन्माननीय न्यायाधीश

विषय : बनावट सहीच्या प्रकरणांत हस्ताक्षर तज्ज्ञाच्या मताला दिले जाणारे, किंवा न दिले जाणारे, वजन

सन्माननीय महोदय,

मी खासगी दस्तऐवज परीक्षक आहे. साठेखते, मृत्युपत्रे, हक्कसोडपत्रे, धनादेश, हातउसन्या पैशांच्या चिठ्ठ्या यांवरच्या वादग्रस्त सह्या तपासणे हे माझे काम. दोन दशकांहून अधिक काळ मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले आहे, वादीच्या बाजूने आणि प्रतिवादीच्याही. अनेकदा माझे मत न्यायालयाने स्वीकारले, अनेकदा नाकारले. नाकारल्याबद्दल मी आजवर कधी तक्रार केली नाही, कारण तज्ज्ञाने मत द्यायचे आणि निर्णय न्यायालयाने करायचा हे मला मान्य आहे.

आज लिहिते आहे ती एका वृद्ध शेतकऱ्याच्या जमिनीच्या निकालामुळे. त्या निकालावर अपील झाले, पण सुनावणीपर्यंत पोचण्याआधीच त्या कुटुंबाने तडजोड केली आणि निम्मी जमीन सोडून दिली. प्रकरण आता कायद्याने संपले आहे, म्हणून त्याबद्दल मोकळेपणाने लिहिता येते. न्यायालयाचे, गावाचे, माणसांचे नाव मी लिहीत नाही. मला कोणा एका न्यायाधीशांवर बोट ठेवायचे नाही. जे त्या निकालात झाले ते मी इतरत्रही पाहते.

दावा करारपूर्तीचा होता. वादीचे म्हणणे असे की २०१६ साली शेतकऱ्याने पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर साठेखत करून दिले, इसाराची रक्कम रोख घेतली आणि नंतर खरेदीखत करून द्यायला नकार दिला. साठेखत नोंदवलेले नव्हते, फक्त नोटरीसमोर केलेले होते. दावा २०१८ मध्ये लागला. शेतकऱ्याने कैफियतीत सरळ सांगितले की ही सही माझी नाही. मधल्या काळात, २०१७ मध्ये, त्यांना कंपवाताचा आजार सुरू झाला होता. या तीन वर्षांचा क्रम कृपया ध्यानात ठेवावा, कारण सगळे प्रकरण त्यावरच फिरते.

शेतकरी चौथीपर्यंत शिकलेले. सही देवनागरीत, नाव आणि आडनाव. त्यांच्या वकिलांनी माझ्याकडे काम दिले तेव्हा मी पहिल्यांदा मागितल्या त्या २०१४ ते २०१६ या काळातल्या, वाद सुरू होण्यापूर्वीच्या सह्या. विकास सोसायटीच्या कर्जरोख्यांवरच्या सह्या मिळाल्या, बँकेच्या पैसे काढण्याच्या स्लिपांवरच्या मिळाल्या आणि २०१५ मध्ये दुय्यम निबंधकांसमोर नोंदवलेल्या एका बक्षीसपत्रावरच्या मिळाल्या. शेवटच्या सह्यांचे मोल फार मोठे असते, कारण त्या अधिकाऱ्यासमोर, ओळख पटवून केलेल्या असतात. न्यायालयाच्या परवानगीने मी मूळ साठेखत आणि हे सर्व मूळ कागद न्यायालयाच्या आवारातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यांची छायाचित्रे घेतली.

साठेखतावरच्या सहीचा आकार खऱ्या सहीशी चांगलाच जुळत होता. अक्षरांची ठेवण, नाव आणि आडनाव यांतले अंतर, सहीचा तिरपेपणा सगळे जवळपास तसेच. उघड्या डोळ्यांनी पाहणारा कोणीही म्हणेल की सही एकाच माणसाची आहे. पण नक्कल करणारा माणूस डोळ्यांना दिसतो तो आकारच उचलतो. हाताची सवय त्याला उचलता येत नाही, आणि परीक्षकाला शोधायची असते ती सवयच.

या शेतकऱ्याची एक सवय शिरोरेषेची होती. ते सगळी अक्षरे आधी लिहून घेत आणि मग नावावर एक व आडनावावर एक अशा दोन रेघा डावीकडून उजवीकडे झटक्यात ओढत. रेघ शेवटच्या अक्षराच्या थोडी पुढे जाई आणि टोकाला बारीक होत विरून जाई. ती विरणारी टोके २०१४ ते २०१६ च्या प्रत्येक सहीत होती. साठेखतावर आडनावाची शिरोरेषा तीन तुकड्यांत काढलेली होती. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या टोकावर नेमका टेकवलेला होता आणि तिथे शाई दुहेरी झालेली भिंगाखाली स्पष्ट दिसत होती. टोके बोथट होती, म्हणजे पेन चालता चालता उचललेले नव्हते. ते थांबून मग उचललेले होते.

दुसरी सवय दीर्घ वेलांटीची. आपण बहुतेक जण काना वरून खाली काढतो आणि मग वर जाऊन वेलांटी देतो. हे गृहस्थ काना खालून वर नेत आणि हात न उचलता तसेच डावीकडे वळवून वेलांटी पूर्ण करत. हे कागदावर कसे कळते? बॉलपेनच्या रेघेत वळणापाशी केसासारख्या बारीक कोऱ्या रेषा पडतात. त्या वळणाच्या आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे जातात आणि पेन कोणत्या दिशेने गेले ते सांगतात. खऱ्या सह्यांत त्या रेषा खालून वर गेलेला हात दाखवत होत्या. साठेखतावर काना वरून खाली आलेला होता आणि वेलांटी वेगळी, नंतर बसवलेली होती. सही करताना माणूस असा विचार करत नाही. चौथीतल्या पोराने बसवलेली लकब सत्तरीपर्यंत तशीच राहते.

तिसरी गोष्ट कंपाची, आणि इथेच निकाल उलटला.

साठेखतावरच्या सहीत रेघा थरथरलेल्या होत्या. पण २०१६ मध्ये शेतकऱ्याच्या हाताला कंप नव्हता. त्याच वर्षीच्या बँकेच्या स्लिपांवरच्या सह्या वेगवान, मोकळ्या, सरळ रेघांच्या आहेत. मग साठेखतावरचा कंप कोणाचा? दुसऱ्याच्या सहीचे चित्र काढताना हात हळू चालतो, डोळा पुन्हा पुन्हा नमुन्याकडे जातो आणि रेघ थरथरते. हा नकलेचा कंप असतो. तो अनियमित असतो, सोप्या सरळ रेघेत अचानक येतो, अवघड वळणावर कधी नसतोच, आणि त्याच्या जोडीला ठिकठिकाणी पेन थांबल्याच्या खुणा आणि सगळीकडे सारखाच खोल दाब असतो. साठेखताचा कागद उलटा करून बोट फिरवले तरी सहीचा उठाव बोटाला लागत होता. आजाराचा कंप वेगळा असतो. कंपवाताच्या माणसाची सही बहुधा आकुंचित होत जाते आणि थरथर एका लयीत येते, पण रेघ कुठून सुरू करायची, कुठे हात उचलायचा, शिरोरेषा कधी द्यायची ही जुनी सवय बराच काळ टिकते. २०१८ च्या वकीलपत्रावर शेतकऱ्याने केलेली सही लहान, कापरी होती, पण शिरोरेषा शेवटी आणि एकाच ओढीची होती. वेलांटीही खालून वर गेलेली होती.

मी हे सगळे अहवालात लिहिले. मोठी केलेली छायाचित्रे शेजारी शेजारी लावली, प्रत्येक मुद्द्यावर बाण दाखवला. उलटतपासात मला विचारले गेले की तुम्हाला प्रतिवादीने पैसे दिले का. मी सांगितले, हो, फी घेतली. शिरोरेषेबद्दल किंवा वेलांटीबद्दल एकही प्रश्न आला नाही.

निकालपत्रात माझ्या अहवालाला अर्धे पान मिळाले. त्यात म्हटले होते की तज्ज्ञाचे मत हा दुबळ्या स्वरूपाचा पुरावा आहे, तो एका पक्षाने पैसे देऊन आणलेला आहे, आणि न्यायालयाने स्वतः साठेखतावरची सही वकीलपत्रावरच्या सहीशी ताडून पाहिली असता दोन्हींत सारखाच कंप आणि सारखेच वळण दिसते, म्हणून सही प्रतिवादीचीच आहे. नकलेचा कंप आणि आजाराचा कंप एकाच ओळीत बसवले गेले. २०१६ च्या बँक स्लिपांचा, नोंदणीकृत बक्षीसपत्राचा, वेलांटीचा, तुटक्या शिरोरेषेचा निकालपत्रात उल्लेखसुद्धा नाही.

न्यायालयाने साठेखतावरच्या दोन साक्षीदारांवरही विश्वास ठेवला, हे मी लपवत नाही. डोळ्यांदेखत सही होताना पाहिली असे सांगणारा साक्षीदार विश्वासार्ह वाटला तर तज्ज्ञाच्या मतापेक्षा त्याला जास्त वजन देण्याचा न्यायालयाला पूर्ण अधिकार आहे. माझा आक्षेप निष्कर्षावर कमी आणि तिथवर पोचण्याच्या वाटेवर जास्त आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की ‘तज्ज्ञाचे मत हा दुबळा पुरावा’ हे वाक्य निकालपत्रांत तयार शिक्क्यासारखे वापरले जाते आणि त्यानंतर अहवाल वाचण्याची गरजच उरत नाही. हे वाक्य कुठून आले हे मला माहीत आहे. मगन बिहारी लाल विरुद्ध पंजाब राज्य या १९७७ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ हस्ताक्षर तज्ज्ञाच्या मतावर, भरीव पुष्टी नसताना, कोणाला दोषी धरणे धोक्याचे आहे. त्याच्याही आधीपासून, मृत्युपत्रांच्या वादांत, न्यायालये हीच सावधगिरी सांगत आली. ती योग्यच आहे. पण मुरारी लाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७९ च्या निर्णयात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी हा विषय नीट उलगडून मांडला, आणि तो निर्णय तालुका न्यायालयात कोणी क्वचितच पूर्ण वाचते. जबलपूरमधल्या खुनाच्या त्या खटल्यात खोलीत सापडलेल्या लिखाणाचा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की तज्ज्ञ म्हणजे गुन्ह्यातला साथीदार नव्हे, त्यामुळे पुष्टी मिळाल्याखेरीज त्याच्यावर विश्वास ठेवायचाच नाही असा कोणताही कायद्याचा वा शहाणपणाचा नियम नाही. हस्ताक्षराचे शास्त्र बोटांच्या ठशांइतके परिपूर्ण नाही, म्हणून सावध राहा. तज्ज्ञाने दिलेली कारणे बारकाईने तपासा, बाकीचा पुरावा पाहा, गरज असेल तिथे पुष्टी शोधा. कारणे पटणारी असतील आणि त्यांवर शंका आणणारा विश्वासार्ह पुरावा नसेल, तर तेवढ्यावरही मत स्वीकारता येते.

म्हणजे मताचे वजन कारणांत असते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ५१ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४५ मध्येही तेच आहे : मत प्रस्तुत असेल तर त्या मताची कारणेही प्रस्तुत असतात. कारणे न वाचता मत फेटाळणे आणि कारणे न वाचता मत स्वीकारणे या दोन्ही गोष्टी मला सारख्याच चुकीच्या वाटतात.

दुसऱ्या चुकीचे उदाहरणही देते, म्हणजे मी माझ्या व्यवसायाची वकिली करते आहे असे वाटायला नको. एका फौजदारी खटल्यात सरकारी परीक्षकांचा अहवाल मी पाहिला. एकूण दीड पान. त्यातले एक पान कागदांची यादी, आणि खाली एक वाक्य, की क्यू-१ ही वादग्रस्त सही करणारा आणि एस-१ ते एस-६ या नमुना सह्या करणारा माणूस एकच आहे. कोणते अक्षर जुळले, कोणते जुळले नाही, फरक का दुर्लक्षिले, काहीच नाही. सोबत छायाचित्र नाही. सरकारी अहवाल म्हणून तो जसाच्या तसा मान्य झाला. फी घेणारा परीक्षक पक्षपाती असू शकतो, हे खरे. पगार घेणारा परीक्षक घाईत असू शकतो, हेही तितकेच खरे. दोघांनाही एकच प्रश्न विचारायला हवा : हे कशावरून म्हणता?

दुसरी तक्रार न्यायालयाने स्वतः सही ताडून पाहण्याबद्दल आहे. कायद्याने तो अधिकार दिला आहे, पूर्वी कलम ७३, आता कलम ७२. पण अजित सावंत मजगवई विरुद्ध कर्नाटक राज्य या १९९७ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की थोडीही शंका असेल तिथे न्यायालयाने स्वतः तज्ज्ञ होण्याचा धोका पत्करू नये. २००८ च्या तिरुवेंगडम पिल्लई प्रकरणात तर वाद साठेखतावरच्या अंगठ्याचाच होता, आणि तिथे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसती नजर टाकून असा निष्कर्ष काढू नये. दस्त खरा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो दस्त पुढे करणाऱ्यावर असते, हेही तिथेच पुन्हा सांगितले. माझ्या शेतकऱ्याच्या बाबतीत हे सगळे उलटे झाले. सही खोटी आहे हे त्यांनीच सिद्ध करावे असे धरले गेले.

त्यात वकीलपत्राशी तुलना ही सर्वांत घातक सवय आहे. वकीलपत्र आणि कैफियत यांवरच्या सह्या वाद सुरू झाल्यावर केलेल्या असतात. सही नाकारणारा माणूस मुद्दाम वेगळी सही करू शकतो, आणि प्रामाणिक माणसाचाही हात मधल्या काळात आजाराने, वयाने, अपघाताने बदललेला असू शकतो. या दोन्ही कारणांनी ती तुलना फसवी ठरते. देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी हे सांगून झाले आहे. तरी न्यायालयीन फाइलमध्ये हाताशी तीच सही असते, म्हणून तिच्याशीच ताडले जाते.

तिसरी तक्रार तपासणीसाठी काय पाठवले जाते याबद्दल. झेरॉक्सवर पेन कुठे उचलले ते दिसत नाही, दाब दिसत नाही, कोऱ्या रेषा दिसत नाहीत, दुहेरी शाई दिसत नाही. खरी सही कापून चिकटवलेली झेरॉक्स तर भिंगाखालीही निर्दोष दिसते. तरीही मूळ दस्त गहाळ असताना झेरॉक्सवर ठाम मत द्यायला सांगितले जाते, आणि असे मत देणारे परीक्षक मिळतातही. नमुना सह्या घेताना शिपायासमोर एकाच कागदावर एकाखाली एक दहा सह्या घेतल्या जातात. सही नाकारणाऱ्याला आपलीच वरची सही पाहून खालची बेतता येते. वेगवेगळ्या कागदांवर, आधीचा कागद बाजूला घेऊन, थोड्या थोड्या वेळाने, मूळ दस्तासारख्याच पेनाने सह्या घेतल्या तर हे टळते. याला एक पैसा लागत नाही.

चौथी गोष्ट मर्यादांची, ती थोडक्यात. साठेखत खरोखर २०१६ मध्ये लिहिले की २०१८ मध्ये, हे शाईवरून सांगा, असा आदेश मला अनेकदा आला आहे. त्याचे भरवशाचे उत्तर देणारी पद्धत आम्हा परीक्षकांच्या हाती नाही. एकाच दस्तात दोन वेगळ्या शाया आहेत का, नंतर आकडा वाढवला आहे का, हे सांगता येते. वय सांगता येत नाही. जो परीक्षक महिना आणि वर्ष सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तसेच सही कबूल आहे, फक्त धनादेशावरची रक्कम दुसऱ्याने भरली एवढेच म्हणणे असेल, तर ते प्रकरण आमच्याकडे पाठवून वर्ष घालवण्यात बहुधा अर्थ नसतो.

आमच्या चुकांबद्दलही बोलायला हवे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ८६ परीक्षकांना हस्तलिखितांच्या जोड्या दिल्या होत्या. दोन वेगळ्या माणसांचे लिखाण एकाचेच आहे असे चुकून ठरवण्याचे प्रमाण सुमारे ३.१ टक्के आले, आणि एकाच माणसाचे लिखाण दोघांचे ठरवण्याचे १.१ टक्के. जुळ्या भावंडांच्या लिखाणात पहिली चूक ८.७ टक्क्यांपर्यंत गेली. तो अभ्यास लिखाणावर होता, दोन-तीन शब्दांच्या देवनागरी सहीवर नव्हता, म्हणून ते आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. पण दोन गोष्टी त्यातून दिसतात. हे मत कवडीमोल नाही, आणि ते अचूकही नाही. असा अभ्यास आपल्याकडच्या लिप्यांवर, आपल्याकडच्या परीक्षकांवर व्हायला हवा. आज खासगी परीक्षकासाठी आपल्या देशात कोणताही कायदेशीर परवाना नाही, सक्तीची चाचणी नाही. पत्राने अभ्यासक्रम पूर्ण करून, सहीवरून स्वभाव सांगता सांगता कोणी न्यायालयात तज्ज्ञ म्हणून उभा राहिला तर त्याला अडवणारी यंत्रणा नाही. न्यायाधीशांच्या मनात आमच्याबद्दल अविश्वास आहे त्याचे हे एक खरे कारण आहे, आणि मी ते नाकारत नाही.

म्हणून माझ्या मागण्या. उच्च न्यायालयाने त्या एका परिपत्रकाने करण्याजोग्या आहेत, कायदा बदलायची गरज नाही.

वादग्रस्त सही तपासणीला पाठवताना मूळ दस्तच पाठवावा किंवा न्यायालयात तपासू द्यावा. त्याबरोबर वादापूर्वीच्या, दस्ताच्या तारखेच्या आगेमागे दोन-तीन वर्षांतल्या, निदान दहा-पंधरा कबूल सह्या असाव्यात. बँक, सोसायटी, दुय्यम निबंधक कार्यालय, पंचायत यांच्याकडचे मूळ कागद मागवण्याचा अर्ज आला तर तो विलंबाचा डाव समजून फेटाळू नये. बँका जुन्या स्लिपा ठरावीक काळाने नष्ट करतात, म्हणून असा अर्ज कैफियतीबरोबरच निकाली निघावा. माझ्या अनुभवात हातातून निसटलेली बहुतेक प्रकरणे इथेच निसटली.

फक्त वकीलपत्र व कैफियतीवरच्या सहीशीच तुलना करू नये. आजार किंवा वयाचा मुद्दा असेल तर वैद्यकीय कागदांच्या तारखा आणि सह्यांच्या तारखा समोरासमोर ठेवाव्यात.

न्यायालयाला स्वतः तुलना करायची असेल तर ती युक्तिवादाच्या वेळी, दोन्ही वकिलांसमोर, भिंगाने करावी आणि कोणत्या अक्षरात काय पाहिले ते नोंदवावे. ‘सह्या सारख्या दिसतात’ एवढे पुरेसे धरू नये, कारण त्या वाक्याविरुद्ध अपिलात काय मांडायचे हेच पक्षकाराला कळत नाही.

अहवाल सरकारी असो वा खासगी, त्यात मोठी केलेली छायाचित्रे, जुळणारे मुद्दे, न जुळणारे मुद्दे आणि फरकांचे स्पष्टीकरण नसेल तर तो परत पाठवावा. मत ठाम आहे, शक्यतेचे आहे की देताच येत नाही, हे परीक्षकाने स्पष्ट लिहावे. ‘मत देता येत नाही’ हे उत्तर प्रामाणिक असू शकते, ते कोणाच्याही विरुद्ध धरू नये.

पक्षकाराने आणलेल्या परीक्षकाबद्दल शंका असेल तर न्यायालयाने स्वतः आयुक्त म्हणून परीक्षक नेमावा आणि फी न्यायालयात जमा करून घ्यावी. दोन परीक्षकांची मते परस्परविरोधी असतील तर दोन्ही बाजूला टाकण्याऐवजी दोघांना एकाच दिवशी बोलवावे, तेच छायाचित्र दोघांच्या समोर ठेवावे आणि एकाच मुद्द्यावर दोघांची उत्तरे घ्यावीत.

शेवटची मागणी राज्य शासनाकडे आणि उच्च न्यायालयाकडे मिळून आहे. न्यायालयात साक्ष देणाऱ्या प्रत्येक दस्तऐवज परीक्षकाची, सरकारी आणि खासगी, ठरावीक काळाने अज्ञात नमुन्यांवर चाचणी घ्यावी आणि निकाल न्यायालयांना उपलब्ध करून द्यावा. ती चाचणी देणाऱ्यांत माझे नाव पहिले घालावे.

आपली विश्वासू,
एक दस्तऐवज परीक्षक